घरून अर्धवेळ काम: खरी जाहिरात, नेमका अर्ज आणि स्प्रेडशीटची चाचणी

मला दिवसाचे चारेक तास घरून करता येईल असं डेटा साफ करण्याचं, म्हणजे स्प्रेडशीटमधल्या याद्या नीट लावण्याचं काम हवं होतं. जॉब बोर्डवर ‘रिमोट’ आणि ‘पार्ट-टाइम’ हे फिल्टर लावले तरी यादी लांबलचक येते. त्यात पूर्णवेळ जागा मिसळलेल्या असतात, आणि ‘रिमोट’ असूनही ठरावीक देशातलेच उमेदवार चालतील अशाही असतात. म्हणून मी पगाराआधी दोन गोष्टी वाचायचे: आठवड्याला किती तास, आणि कोणत्या टाइम झोनमध्ये हजर राहायचं. हे दोन्ही स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पुढे.

जाहिरात आवडली की बोर्डवरचं ‘अर्ज करा’ बटण दाबण्याआधी कंपनीची वेबसाइट स्वतः शोधून उघडायची आणि तीच जागा तिथल्या करिअर पानावर आहे का ते पाहायचं. मला पटलेली सगळ्यात भरवशाची चाचणी हीच, कारण फसवणारे खऱ्या कंपनीचं नाव आणि लोगो सहज उचलतात, पण त्या कंपनीच्या वेबसाइटवर जागा टाकू शकत नाहीत. एकदा मला आलेल्या ईमेलच्या पत्त्यात कंपनीच्या नावापुढे ‘jobs’ जोडलेलं होतं. lookup.icann.org वर ते डोमेन टाकलं, तर नोंदणी अगदी अलीकडची निघाली. कंपनी मात्र जुनी. शिवाय मुलाखत फक्त मेसेजिंग ॲपवर, आवाज नाही, चेहरा नाही, आणि लगेच निवड. मी तिथेच थांबले. नोंदणी, प्रशिक्षण किंवा लॅपटॉपसाठी आधी पैसे मागणारी जागा कितीही चांगली दिसली तरी ती नोकरी नसते.

शेवटी ज्या जागेसाठी निवड झाली तिच्या जाहिरातीत तीन कामं होती: ग्राहकांच्या याद्यांतली दुबार नावं काढणं, दोन याद्या जुळवणं आणि दर आठवड्याला छोटा अहवाल पाठवणं. माझ्या बायोडेटात आधी ‘एक्सेलचं उत्तम ज्ञान’ एवढंच होतं. त्यावरून वाचणाऱ्याला काही कळत नाही. त्या जागी मी लिहिलं, ‘दोन शाखांच्या ग्राहक याद्या ईमेल पत्त्यावरून जुळवल्या, दुबार नोंदी वेगळ्या काढल्या, न जुळलेल्या नोंदींची कारणांसह यादी दिली.’ काम माझंच होतं, फक्त शब्द जाहिरातीतले घेतले. सोबतचं पत्र पाच-सहा ओळींचं. त्यात मी त्यांच्या टाइम झोनमधले कोणते तास देऊ शकते तेही सांगितलं. अर्धवेळ जागेसाठी त्यांना हा प्रश्न पडतोच.

चाचणी दीड तासाची होती: एक CSV फाइल आणि सूचना. तयारी करताना मी मुद्दाम बिघडवलेल्या याद्यांवर वेळ लावून सराव केला होता, आणि तो कामी आला. दोन नावं डोळ्यांना सारखी दिसत होती, पण जुळत नव्हती. वेब पानावरून कॉपी केलेल्या मजकुरात एक वेगळीच मोकळी जागा येते, आणि नुसतं TRIM ती काढत नाही. त्यासाठी:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
```

खरी अडचण तारखांची. काही तारखा सेलच्या उजवीकडे होत्या, काही डावीकडे. डावीकडच्या म्हणजे मजकूर म्हणून राहिलेल्या. ISNUMBER लावलं की FALSE येतं. नीट पाहिलं तर डावीकडच्या सगळ्या तारखांत दिवस 12 च्या पुढचा होता. म्हणजे फाइल दिवस-महिना क्रमाने लिहिलेली, आणि प्रोग्राम ती महिना-दिवस समजून वाचत होता. 25/04 त्याला वाचता येईना म्हणून मजकूर राहिला. 03/04 मात्र 4 मार्च होऊन बसला. तेव्हा फक्त डावीकडच्या दुरुस्त केल्या असत्या तर उजवीकडच्या चुकीच्याच राहिल्या असत्या, आणि त्या दिसायला अगदी नीटनेटक्या. मी फाइल पुन्हा आयात केली, तारखेच्या स्तंभाला दिवस-महिना-वर्ष हा क्रम दिला आणि ओळींची संख्या मूळ फाइलशी ताडून पाहिली.

मूळ डेटा एका शीटवर जसाच्या तसा ठेवला, आणि काय बदललं, का बदललं, कोणत्या नोंदींबद्दल खात्री नाही, हे वेगळ्या शीटवर लिहिलं. पुढच्या मुलाखतीत सगळे प्रश्न त्या शीटवरूनच आले. ‘एकाच ईमेलवर दोन नावं होती, ती काढली का नाहीत?’ असं विचारलं. एकाच घरातली दोन माणसं एक पत्ता वापरत असू शकतात, म्हणून विचारल्याशिवाय काढली नाहीत, असं मी सांगितलं.

चाचणी नमुन्याच्या डेटावर आणि दोनेक तासांत संपणारी असेल तर ती बिनपैशाची असणं मला मान्य आहे. दुसऱ्या एका ठिकाणी चालू कामाची आख्खी यादी ‘चाचणी’ म्हणून आली, तेव्हा याचं मानधन किती, असं मी विचारलं. उत्तर आलं नाही, आणि मीही ती यादी उघडून बसले नाही. ओळखपत्र आणि बँकेचा तपशील मी निवडीचं लेखी पत्र आल्यावर, त्यात तास, दर आणि पैसे मिळण्याची तारीख वाचूनच दिला.