टी वेव्हमध्ये लपलेल्या पी

रात्रीचे साधारण दोन वाजले होते. चौथ्या बेडवरच्या बहात्तर वर्षांच्या काकांना घरी दोनदा चक्कर येऊन पडल्यामुळे निरीक्षणासाठी आमच्या हृदयरोग आयसीयूत दाखल केले होते. मॉनिटरवर हार्ट रेट ७८ दिसत होता आणि अलार्म शांत होता. त्याच स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात मात्र बोटाला लावलेल्या सॅच्युरेशन प्रोबवरून मोजली जाणारी नाडी ३९ दिसत होती. महिन्याभरापूर्वी आमच्याकडे रुजू झालेल्या सिस्टरला वाटले की प्रोब सैल झाला असेल. तिने तो दुसऱ्या बोटाला लावून पाहिला, तरी आकडा तोच राहिला, म्हणून तिने मला बोलावले.

मी आधी काकांचे मनगट धरले आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण मिनिटभर नाडी मोजली. ती ३९ भरली. काका जागे होते, पण कपाळावर घाम होता. "काका, कसं वाटतंय?" असे विचारल्यावर ते "डोकं हलकं झाल्यासारखं वाटतंय" म्हणाले. रक्तदाब ८६/५४ होता. याचा अर्थ प्रोब बरोबर होता आणि मोठ्या अक्षरातला ७८ चुकीचा होता. मी ड्युटी डॉक्टरांना फोन करायला सांगितले, डिफिब्रिलेटरची ट्रॉली बेडजवळ ओढून घेतली आणि ईसीजीची स्ट्रिप छापून काढली.

तो ७८ कुठून आला हे कागदावर लगेच दिसले. निवडलेल्या लीडमध्ये ठोक्यानंतर उमटणारी टी वेव्ह इतकी उंच होती की यंत्र तिलाही क्यूआरएस, म्हणजे निलयांच्या, हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या, ठोक्याची टोकदार लाट समजून मोजत होते. ३९ ठोके दुप्पट होऊन ७८ झाले आणि ५० खाली गेल्यावर वाजायला हवा असलेला अलार्म वाजलाच नाही. मॉनिटरचा आकडा आणि नाडी जुळत नसतील तर स्ट्रिप काढून गती हाताने मोजावी, हे मी नव्या सिस्टरना पहिल्याच दिवशी सांगते. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, त्यामुळे छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि पाच छोट्यांचा मोठा चौकोन ०.२० सेकंदाचा असतो. तीस मोठे चौकोन म्हणजे सहा सेकंद. त्यात चार क्यूआरएस होते आणि दहाने गुणल्यावर गती ४० आली. लय नियमित असेल तर याहून नेमकी पद्धत वापरता येते: लागोपाठच्या दोन क्यूआरएसच्या आर-टोकांमधले छोटे चौकोन मोजून १५०० ला त्या संख्येने भागायचे. येथे ते ३८ होते, म्हणजे गती सुमारे ३९.

नियमितता पाहण्यासाठी मी कागदाचा एक तुकडा स्ट्रिपच्या कडेला धरला, लागोपाठच्या दोन आर-टोकांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि तो तुकडा पुढे सरकवत नेला. प्रत्येक वेळी खुणा टोकांवर तंतोतंत बसल्या. निलयांची लय पूर्ण नियमित होती.

तेव्हा ती सिस्टर म्हणाली, "सिस्टर, लय नियमित आहे, प्रत्येक क्यूआरएसच्या आधी पी वेव्ह दिसते आहे, म्हणजे साधी सायनस ब्रॅडिकार्डियाच ना, नेहमीचीच लय फक्त मंद?" तिने पाहिले ते खरे होते. चारही क्यूआरएसच्या आधी एकेक स्वच्छ, वर उठलेली पी, म्हणजे अलिंदांच्या, हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, ठोक्याची लहान लाट दिसत होती. मी तिला म्हटले, "आहे का नाही एवढ्यावर थांबू नकोस. पीपासून क्यूआरएसपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोज." तिने मोजले. पहिल्या ठोक्यात ४ छोटे चौकोन, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १२ आणि चौथ्यात १६. हे अंतर म्हणजे पीआर. नेहमीचा पीआर तीन ते पाच छोट्या चौकोनांचा, म्हणजे ०.१२ ते ०.२० सेकंदांचा असतो आणि मुख्य म्हणजे ठोक्यागणिक तो जवळजवळ सारखा राहतो.

अंतर वाढत जाताना पाहून तिला वेंकेबाख हा हार्ट ब्लॉकचा सौम्य प्रकार आठवला, आणि ते स्वाभाविक होते. परंतु वेंकेबाखमध्ये पीआर वाढत वाढत जाऊन एक क्यूआरएस गळतो, त्यामुळे आर-आर अंतरे असमान होतात. आमच्या स्ट्रिपवर पीआर बदलत होता आणि आर-आर तसूभरही हलत नव्हते. पी आणि क्यूआरएस यांचा एकमेकांशी संबंधच नसेल, तरच हे असे घडते.

मग मी तिला टी वेव्हकडे बघायला सांगितले. चारही क्यूआरएस साच्यातून काढल्यासारखे एकसारखे होते, पण त्यांच्यानंतरच्या टी वेव्हचा आकार दर वेळी वेगळा होता: पहिलीच्या शेपटीला उंचवटा, दुसरीच्या चढावर खाच, तिसऱ्या ठोक्यात क्यूआरएस संपताच एक छोटा फुगवटा. क्यूआरएस सारखा आणि टी मात्र बदलती, तर टीवर दुसरे काहीतरी बसले आहे असे समजावे. स्वच्छ दिसणाऱ्या दोन पींमधले अंतर ३४ छोटे चौकोन होते. त्याच्या बरोबर मध्यावर, सतराव्या चौकोनावर, तिने खूण केली आणि ती नेमकी त्या उंचवट्यावर पडली. तुकडा पुढे सरकवल्यावर दुसरी खूण खाचेवर आणि तिसरी फुगवट्यावर पडली. चौथी पी क्यूआरएसच्या पोटात होती, म्हणून ती दिसलीच नाही, पण तिची जागा चुकली नव्हती. अलिंदांची गती १५०० भागिले १७, म्हणजे सुमारे ८८ होती. सहा सेकंदांत नऊ पी आणि चार क्यूआरएस होते, आणि दोघांचीही चाल आपापल्या परीने नियमित होती. हा संपूर्ण हार्ट ब्लॉक होता: अलिंदांचा एकही संदेश निलयांपर्यंत पोचत नव्हता.

क्यूआरएसची रुंदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चार छोटे चौकोन, म्हणजे ०.१६ सेकंद होती. तीन चौकोनांपेक्षा, म्हणजे ०.१२ सेकंदांपेक्षा कमी रुंदी असती, तर निलयांना चालवणारे केंद्र अलिंदे आणि निलये यांना जोडणाऱ्या एव्ही नोडच्या जवळपास आहे असा अंदाज करता आला असता, आणि अशी केंद्रे सहसा अधिक भरवशाची असतात. रुंद आणि संथ क्यूआरएस बहुतेकदा खालच्या केंद्रातून येतात आणि ती केंद्रे केव्हाही थांबू शकतात. एका लीडमध्ये रुंदीची कड बुडून जाऊ शकते, म्हणून मी दुसऱ्या लीडमध्येही ती मोजून पाहिली.

डॉक्टर आले तोवर डिफिब्रिलेटरचे पॅड छातीला लावून झाले होते आणि बारा लीडचा ईसीजी काढला होता. मॉनिटरच्या स्ट्रिपवरून लय कळते, पण हृदयविकाराचा झटका आला आहे का हे तिच्यावरून ठरवता येत नाही. रुंद क्यूआरएस, मंद गती आणि उंच टी एकत्र दिसल्यामुळे पोटॅशियम वाढले आहे का तेही तपासले आणि ते ४.४, म्हणजे सामान्य आले. डॉक्टरांच्या सूचनेनुसार अ‍ॅट्रोपिन १ मिलिग्रॅम शिरेतून दिल्यानंतर पींमधले अंतर १७ वरून १४ चौकोनांवर आले, म्हणजे अलिंदे १०७ वर गेली, पण निलये ३८-३९ वरच राहिली. अडथळा नोडच्या खाली असल्याचे ते लक्षण होते. डॉक्टरांनी बाहेरून पेसिंग, म्हणजे पॅडमधून विजेचे स्पंद देऊन हृदय चालवणे, सुरू केले. पेसिंगच्या प्रत्येक स्पाइकनंतर रुंद क्यूआरएस आणि टी येते आहे हे मी पडद्यावर पाहिले, आणि त्याबरोबर जांघेतली नाडीही बोटांनी मोजली, कारण पेसिंगमध्ये छातीचे स्नायू उडतात आणि त्यांच्या लाटांनी पडदा फसवू शकतो. पहाटे शिरेतून तात्पुरता पेसमेकर बसवला आणि तिसऱ्या दिवशी कायमचा.

स्ट्रिप फाइलला चिकटवताना त्या सिस्टरने खाली स्वतः लिहिले: "अलिंद ८८ नियमित, निलय ३९ नियमित, पीआर बदलता, क्यूआरएस ०.१६. मॉनिटरवरील दर ७८, टी वेव्ह मोजल्यामुळे. लीड बदलली, अलार्म पुन्हा तपासला." नंतर तिने उरलेल्या सगळ्या बेडवर जाऊन मॉनिटरचा दर आणि नाडी जुळतात का ते पाहिले.