खुर्चीची भूक

बेळगावातील पतसंस्थांत संगणक येण्यापूर्वी कारकुनाचे काम बैठे म्हणवले जाई खरे, पण त्याला सलग बसू मात्र कोणी देत नसे. खातेदार काउंटरवर आला की लेजर काढायला उठावे लागे, सही पडताळायची तर नमुन्यांच्या कपाटापर्यंत जावे लागे, व्हाउचर मंजुरीसाठी मॅनेजरसाहेबांच्या टेबलापाशी न्यावे लागे, आणि एखाद्याने जुन्या कर्जाचे कागद मागितले तर माळ्यावरच्या रेकॉर्ड रूमचा जिना चढावा लागे. शहापुरातील आमच्या शाखेत आता हे सगळे एकाच पडद्यावर येते. ही चाल आपल्याकडून कोणी काढून घेतली असे कुणाला वाटले नाही, कारण व्यायाम म्हणून तिची कधी गणनाच नव्हती.

तिचा हिशेब मात्र मांडता येतो. सत्तर किलो वजनाचा माणूस बसून राहण्याऐवजी तासभर संथ चालला, तर ढोबळमानाने १०० कॅलरी जास्त खर्च होतात. दिवसभरातील ती ये-जा सगळी मिळून चाळीस मिनिटांची धरली, तर कामाच्या दिवशी सुमारे ७० कॅलरी वाचल्या, म्हणजे साधारण एक कप गोड, दुधाळ चहा. वर्षाचे ३०० दिवस कामाचे धरले तर २१,००० कॅलरी झाल्या, आणि एक किलो चरबीमागे ७,७०० कॅलरी धरून भागाकार केला की वर्षाला पावणेतीन किलो आणि दहा वर्षांत सत्तावीस किलो वाढ दिसू लागते. तसे होत नाही. वजन वाढले की ते शरीर बाळगायला आणि हलवायलाही जास्त ऊर्जा लागते, त्यामुळे वाढ आपोआप मंदावत जाऊन एका जागी थांबते. वजनाच्या अभ्यासकांचा ढोबळ नियम असा की, रोज २४ कॅलरींचा फरक कायम राहिला तर वजन अखेरीस सुमारे एक किलोने बदलते; त्यातला निम्मा बदल पहिल्या वर्षात होतो आणि उरलेला बहुतेक पुढील दोन वर्षांत. सुट्ट्या धरून आमच्या कारकुनाची रोजची सरासरी बचत ५८ कॅलरी येते, म्हणजे लेजरच्या येरझाऱ्या थांबल्याची किंमत अडीच किलोच्या आसपास.

अडीच किलोंनी पँट शिवायला टाकावी लागत नाही. मग पोट सुटते ते कशाने? या हिशेबात जेवण तेवढेच राहिले असे आपण धरले आहे, आणि घोटाळा तिथेच आहे. पोषणशास्त्रज्ञ जाँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये पश्चिम बंगालमधील एका ज्यूट कारखान्यातील २१३ पुरुषांचा आहार, वजन आणि काम यांची नोंद प्रसिद्ध केली. हलक्या कामापासून ओझी वाहण्यापर्यंत श्रम जसे वाढत गेले तसा आहारही वाढत गेला आणि वजन जवळपास सारखे राहिले. परंतु दिवसभर बसून असणाऱ्या दुकानदारांचा आणि कारकुनांचा आहार श्रमांबरोबर घटला नव्हता. हलके काम करणाऱ्यांपेक्षा तो उलट जास्तच होता, आणि वजनही जास्त होते. ही एका वेळची पाहणी असल्यामुळे खुर्चीनेच त्यांना जाड केले असे तिच्यावरून सिद्ध होत नाही, पण आमच्या शाखेत चार वाजता जे घडते ते पाहिले की माझा तरी तिच्यावर विश्वास बसतो. त्या वेळी कुणाचा तरी वाढदिवस असतो, कुणाच्या तरी मुलाला नोकरी लागलेली असते, आणि कुंद्याचा डबा टेबलांवरून फिरत येतो. खवा आणि साखर आटवून केलेल्या त्या तपकिरी ऐवजाला बेळगावात नाही म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. भूक कोणालाच नसते, पण बसल्या जागी हात पोहोचतो. लेजर गेल्याने वाचलेल्या ७० कॅलरींइतक्याच आणखी कॅलरी दोन चमच्यांत पोटात जातात आणि वर पुन्हा चहा येतो.

उभ्याने काम करावे, असा सल्ला हल्ली ऐकू येतो. नुसते उभे राहण्याने बसण्यापेक्षा तासाला जेमतेम नऊ-दहा कॅलरी जास्त जातात, तेव्हा वजनाच्या दृष्टीने त्यात फारसा अर्थ नाही. पाय उचलले गेले पाहिजेत. वजनकाटाही पुष्कळदा फसवतो, कारण बसून बसून मांड्यांचे स्नायू झिजतात आणि पोटात चरबी साठते, तेव्हा आकडा फारसा हलत नाही. त्यापेक्षा शिंप्याचा टेप बरा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर तो धरावा आणि श्वास सहज सोडून माप घ्यावे. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. पट्ट्याच्या भोकांवर विसंबू नये, कारण पोट सुटले की पट्टा त्याच्या खाली सरकतो आणि भोक जुनेच राहते.

मध्यंतरी शाखेतला प्रिंटर जिन्याजवळ ठेवावा, म्हणजे प्रत्येक पावतीमागे उठणे होईल, असे मी सुचवले. मॅनेजरसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि काका, तुम्ही जाऊन येईपर्यंत रांगेतल्या माणसाने काय करायचं?” प्रश्न रास्त होता. प्रिंटर आहे तिथेच, माझ्या उजव्या हाताशी आहे. पिण्याच्या पाण्याची बाटली तेवढी मी टेबलावर ठेवायची बंद केली आहे.