एका वाक्याला साडेतीन सेकंद

विहिरीवरच्या एका मुलाखतीला परवा मराठी सबटायटल्स लावली. हातात शब्दन् शब्द उतरवलेलं ट्रान्सक्रिप्ट होतं. बोलणारे काका भरभर बोलणारे, आणि सगळं काम त्यांच्या एका वाक्यापाशी अडलं:

‘म्हणजे काय की आम्ही पहिल्यांदा ना इथे विहीर खणली तेव्हा चाळीस फुटांवरच पाणी लागलं होतं’

हे ते २.९ सेकंदांत बोलले. सॉफ्टवेअरने मोकळ्या जागा धरून मोजली ८६ अक्षरं, म्हणजे सेकंदाला जवळपास ३०. इतक्या वेगाने वाचून होत नाही. मोठ्या माणसांसाठी मी २२ च्या वर जात नाही. मात्र हा आकडा कशाचा ते पाहायला हवं. सॉफ्टवेअर काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजतं. ‘म्हणजे’ची त्याच्या लेखी सहा अक्षरं होतात, डोळ्याला दिसतात तीन. डोळ्याला दिसणारी अक्षरं एकेक धरली तर हेच वाक्य ५२ वर येतं. २२ ची मर्यादा पहिल्या मोजणीची आहे. ती दुसऱ्या मोजणीला लावली, तर हे वाक्य १८ वर बसतं आणि न कापताच निसटतं.

आधी मजकूर कापला. ‘म्हणजे काय की’ आणि ‘ना’ गेले. विहीर पडद्यावर दिसतच होती, म्हणून ‘इथे’ही गेलं. ‘चाळीस’चे ‘४०’ केले. ‘होतं’ ठेवलं, कारण पाणी आता तिथे राहिलेलं नाही हे त्या एका शब्दात आहे. उरली ६१ अक्षरं. मग वेळ वाढवली. काका १:१५.३ ला थांबतात आणि पुढचं वाक्य १:१६.८ ला सुरू होतं, त्यामुळे ओळ आणखी ०.६ सेकंद राहू दिली. वेग १७ वर आला.

```
24
00:01:12,400 --> 00:01:15,900
आम्ही पहिल्यांदा विहीर खणली
तेव्हा ४० फुटांवरच पाणी लागलं होतं
```

ओळ ‘तेव्हा’च्या आधी तोडली, कारण बोलण्यातला श्वासही तिथेच आहे. ‘४०’ आणि ‘फुटांवरच’ यांच्यामध्ये तोडली असती, तर वाचणारा आकड्यावर अडखळला असता. दोनपेक्षा जास्त ओळी मी घेत नाही. एक सबटायटल किमान एक सेकंद आणि जास्तीत जास्त सात सेकंद ठेवतो. लागोपाठच्या दोन सबटायटल्समध्ये निदान दोन फ्रेम मोकळ्या सोडतो, म्हणजे २५ फ्रेमच्या व्हिडिओत ०.०८ सेकंद. ही फट नसेल, तर मजकूर बदलल्याचं डोळ्याला चटकन कळत नाही.

फाइल प्लेअरमध्ये टाकली, तर ५७ क्रमांकाच्या सबटायटलची दुसरी ओळ गायब! ट्रान्सक्रिप्टमधून चिकटवताना दोन ओळींमध्ये एक रिकामी ओळ आली होती. सबटायटल्सच्या या एसआरटी फाइलमध्ये रिकामी ओळ म्हणजे ते सबटायटल संपलं. खालचा मजकूर त्या प्लेअरने सोडून दिला. आणखी एके ठिकाणी मिलिसेकंदांच्या आधी स्वल्पविरामाऐवजी टिंब पडलं होतं. काही प्लेअर ते चालवून घेतात, काही घेत नाहीत. दोन्ही दुरुस्त करून फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केली आणि मुलाखत पुन्हा आवाज बंद ठेवून पाहिली.