तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या दुकानदाराची पहिली उधारी

‘नवा दुकानदार माल उधारीवर मागतो. नाही म्हटले तर तो दुसरीकडे जातो, हो म्हटले तर पैसे अडकतात. मग पहिल्यांदा किती उधारी द्यायची?’

जळगावात माझा पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या सुट्या सामानाचा ठोक व्यापार आहे, आणि चोपडा, यावल, पारोळा या भागांतील दुकानदार माझे गिऱ्हाईक आहेत. माझे उत्तर असे, की नव्या दुकानदाराची मर्यादा एका गाडीच्या मालापेक्षा थोडी जास्त आणि दोन गाड्यांपेक्षा कमी ठेवावी.

उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावातला एक नवा दुकानदार महिन्याला एक लाखाचा माल उचलीन म्हणतो आणि तीस दिवसांची मुदत मागतो. तीस दिवसांचे चाळीस होतात, हे धरूनच चालावे; म्हणजे त्याच्याकडे आपले सुमारे एक लाख तेहतीस हजार रुपये कायम अडकलेले राहणार. खर्च वजा जाता शंभरामागे चार रुपये सुटत असतील, तर एवढी रक्कम बुडाल्यावर ती भरून काढायला तेहतीस लाखांची विक्री करावी लागते. शिवाय पाइपवरचा १८ टक्के जीएसटी आपण गिऱ्हाइकाचे पैसे येण्याची वाट न पाहता सरकारकडे भरलेला असतो, आणि पैसे बुडाले म्हणून तो परत मिळत नाही.

म्हणून मी त्याला साठ हजारांची मर्यादा आणि पंधरा दिवसांची मुदत देतो. त्याची गाडी पंधरवड्याला पन्नास हजारांची असते, त्यामुळे पहिल्या गाडीचे पैसे आल्याशिवाय दुसरी निघूच शकत नाही आणि तगाद्याचे निम्मे काम मर्यादाच करते. त्याआधीची पहिली दोन-तीन बिले मात्र रोखीनेच.

मर्यादा देण्यापूर्वी जीएसटीच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक टाकून तीन गोष्टी पाहतो: नोंदणी कधीची आहे, GSTR-3B विवरणपत्रे वेळच्या वेळी भरली आहेत का, आणि कायदेशीर नाव कोणाचे आहे. तिसरी गोष्ट बरेच जण पाहत नाहीत. पाटीवर एक नाव, गल्ल्यावर मुलगा आणि नोंदणी वडिलांच्या किंवा पत्नीच्या नावावर, असे आपल्याकडे सर्रास असते. सही मात्र ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याचीच घ्यावी, नाहीतर वसुलीच्या वेळी ‘व्यवहार माझा नव्हताच’ असे ऐकावे लागते. बाजारातील चौकशी त्याने दिलेल्या नावांकडे करू नये. त्याच गावात माल उतरवणारा ट्रान्सपोर्टवाला जास्त खरे सांगतो.

खानदेशात खरी कसोटी मे-जूनमध्ये लागते. बागायती कापसाची लागवड तोंडावर असते, ठिबकची मागणी एकदम वाढते, आणि दुकानदार तोच माल शेतकऱ्याला उधारीवर देतो. शेतकऱ्याच्या हाती कापसाचा पैसा दिवाळीच्या आसपास येऊ लागतो. त्यामुळे मेमध्ये मागितलेली साठ दिवसांची मुदत प्रत्यक्षात पाच-सहा महिन्यांची होते, आणि आपण नकळत कापसाच्या पिकाला भांडवल पुरवत बसतो. म्हणून मी पहिल्याच भेटीत विचारतो, ‘भाऊ, तुमची स्वतःची उधारी किती आणि ती कधी सुटते?’ ज्याला हे सांगता येत नाही, त्याला मी रोखीवरच ठेवतो.

अशाच एका दुकानदाराने तीन-चार बिले चोख वेळेवर दिली आणि मेच्या अखेरीस एक लाख ऐंशी हजारांची ऑर्डर दिली. लहान बिले पटापट देऊन मग मोठा माल उचलणे, ही बुडवणाऱ्याची जुनी रीत आहे. पण हंगामात प्रामाणिक माणूसही असेच वागतो, आणि बाहेरून दोघांत फरक दिसत नाही. मी साठ-साठ हजारांच्या तीन गाड्या कबूल केल्या, आधीचे पैसे जमा झाले की पुढची. त्याने दोन उचलल्या आणि तिसरी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून उधारीवर घेतली. माझे नुकसान झाले ते चोवीसशे रुपयांच्या नफ्याचे, आणि ते मला मान्य आहे.

हिशेब मात्र बिलवार ठेवावा लागतो. आलेली रक्कम खात्यावर मोघम जमा केली, की पन्नास हजार येतात, बाकी कमी दिसते आणि मार्चमधले वादातले बिल तसेच खाली दबून राहते. जमा करतानाच ती कोणत्या बिलापोटी आहे ते नोंदवले, म्हणजे प्रत्येक बिल किती दिवसांनी सुटले ते कळते. सहा महिन्यांची ही सरासरी पंधरा-सोळा दिवसांच्या आत असेल, तर मी मर्यादा दुप्पट करतो. ती वीस-बाविसाकडे सरकू लागली, तर विक्री कितीही वाढलेली असो, मर्यादा आहे तिथेच राहते.

आणि मर्यादा ओलांडून माल सोडण्याचा अधिकार विक्री प्रतिनिधीकडे ठेवू नये. त्याचे कमिशन बिलावर न देता वसूल झालेल्या रकमेवर द्यावे, म्हणजे नव्या गिऱ्हाइकाची चौकशी तो स्वतःच नीट करून येतो.