‘Join’च्या बटणाखाली काय लिहायचं?

माझं हार्मोनियम शिकवण्याचं छोटं यूट्यूब चॅनेल आहे. बघणारे बहुतेक भजनी मंडळातले. ‘Join’ दाबून, दरमहा पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व सुरू करायचं ठरलं तेव्हा धाकट्या भावाने उत्साहाने मजकूर लिहून दिला: ‘तुमच्या आधाराशिवाय हे चॅनेल चालू ठेवणं अशक्य आहे. खऱ्या रसिकांनी पुढे यावं!’

मी म्हटलं, अरे, चॅनेल चार वर्षं आधाराशिवायच चाललंय की. आणि पैसे न देणारा खोटा रसिक का? पेन्शनवर घर चालवणारे काका रोज सराव करून शंका विचारतात, त्यांनी हे वाचून मान खाली घालायची? दोन्ही वाक्यं गेली. त्यांच्या जागी पहिली ओळ आली: ‘सगळे धडे सगळ्यांसाठी मोफत आहेत आणि राहतील.’ ही ओळ वरच हवी, तळाशी गेली की सारवासारव वाटते.

मग सदस्यत्वाच्या ५९ आणि १५९ रुपयांच्या पायऱ्यांची नावं. भावाला ‘आधारस्तंभ’ हवं होतं. त्यात ५९ रुपयेवाला आपोआप विटेएवढा ठरतो. मी पेटीच्या पट्ट्यांवरून ‘पांढरी चार’ आणि ‘काळी पाच’ ठेवलं. पट्टीत कोण मोठं, कोण लहान?

खरा वेळ गेला तो काय द्यायचं यात. दर आठवड्याला लाइव्ह बसतो असं लिहायला हात शिवशिवत होते, पण गणपतीत मी रोज कुठे ना कुठे साथीला असतो. म्हणून सगळ्यात धावपळीच्या महिन्यात जे जमेल तेवढंच लिहिलं. सदस्यांमधून सोडत काढून एकाला पेटी द्यायची कल्पनाही बाद केली. नशिबावर अवलंबून असलेलं बक्षीस यूट्यूबला सदस्यत्वात चालत नाही. समोरासमोर एकट्याची भेटही कबूल करता येत नाही. शेवटी मजकूर असा झाला:

‘सगळे धडे सगळ्यांसाठी मोफत आहेत आणि राहतील. पांढरी चार (५९ रुपये): धड्यातल्या अभंगाचं स्वरलेखन, सदस्यांसाठीच्या पोस्टमध्ये. काळी पाच (१५९ रुपये): वरचं सगळं, शिवाय महिन्यातून एकदा शंकांसाठी लाइव्ह. गणपतीच्या महिन्यात लाइव्ह नसेल. सदस्यत्व कधीही बंद करता येतं. भरलेली मुदत संपेपर्यंत सगळं दिसत राहील.’

गणपतीची ओळ भावाला खटकली, ‘गिऱ्हाईक पळेल’ म्हणाला. पण त्या महिन्यात पैसे भरून वाट बघत बसणाऱ्याला उत्तर मला द्यावं लागणार होतं, त्याला नाही.

‘पैसे कुठे जातात’ हेही लिहावं का, यावर अडलो होतो. कर आणि आयफोनवरून घेतल्यास ॲपलचं शुल्क वजा जाता उरलेल्यातले ७० टक्के चॅनेलला मिळतात. ‘यातून माईक घेईन’ लिहिलं की माईक आल्यावर काय? म्हणून ते वगळलं. धड्यात सदस्यांची नावं वाचून दाखवणंही टाळतो. ज्यांचं नाव येत नाही, तेही तोच धडा ऐकत असतात.