पाणीपुरवठा विभागाला लिहिलेलं पत्र आणि ‘अंतर्गत दोष’ – माझा अनुभव

‘सदर तक्रार अंतर्गत वितरण व्यवस्थेतील दोषामुळे उद्भवली असून ग्रामपंचायत स्तरावर उचित कार्यवाही करण्यात यावी.’ पाणीपुरवठा उपविभागाकडून आलेलं हे एका वाक्याचं उत्तर अजूनही माझ्या फाईलमध्ये आहे. ते वाचलं की आजही चीड येते, कारण गावात पाहायला कुणीही आलेलं नसताना ते लिहिलेलं होतं.

मी मराठवाड्यातल्या 1,400 लोकवस्तीच्या गावाची सरपंच. आमचं गाव प्रादेशिक योजनेवर आहे. मुख्य वाहिनीवरून आमच्यासाठी फाटा निघतो, तिथे मीटर आहे. पुढे तीन किलोमीटर जुनी सिमेंटची लाईन, म्हणजे एसी पाईप, आणि मग गावाची पन्नास हजार लिटरची उंच टाकी. पाणी एक दिवसाआड आठ तास यायचं, तेही वेळ ठरलेली नाही. टाकीच भरत नसल्यामुळे वरच्या आळीत नळाला करंगळीएवढी धार.

माझं पहिलं पत्र फुकट गेलं आणि त्यात चूक माझीही होती. ‘तीव्र टंचाई आहे, महिलांचे हाल होत आहेत, योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहिलं होतं. सगळं खरंच होतं, पण त्यात साहेबांना तपासता येईल असं काही नव्हतं. दीड महिन्याने वरचं उत्तर आलं. मी कार्यालयात गेले तर सांगितलं, ‘मॅडम, लोक नळाला मोटारी लावतात, म्हणून प्रेशर नाही. आधी मोटारी जप्त करा.’ मोटारी आहेत हे मी नाकारलं नाही. पण टाकीत पाणी यायच्या आधीच ते कमी पडत असेल तर त्यात मोटारींचा काय संबंध? हे मला तिथे तोंडी पटवून देता आलं नाही. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं.

मार्ग दाखवला आमच्या व्हॉल्व्हमन काकांनी. ते म्हणाले, ‘ताई, गावाकडं जाणारा व्हॉल्व्ह बंद करू आन् टाकी किती चढते ते बघू.’ पाणी सोडण्याच्या दिवशी आम्ही तेच केलं. दोरीला खूण करून टाकीत सोडली, घड्याळ लावलं आणि पंचांना खाली उभं केलं. तासाभरात पाणी पंचवीस सेंटीमीटर चढलं. टाकी गोल, आतला व्यास पाच मीटर, म्हणजे तळ साधारण 19.6 चौरस मीटर. त्याला पाव मीटरने गुणलं की तासाला 4,900 लिटर. या वेगाने टाकी भरायला दहा तास लागतात, काका सांगतात पूर्वी चार तासांत भरायची. आठ तासांचे झाले 39,200 लिटर, ते दोन दिवस पुरवायचे, म्हणजे माणशी दिवसाला चौदा लिटर. जलजीवन मिशनचा निकष 55 लिटरचा आहे. गावाचा व्हॉल्व्ह बंद असताना केलेली ही मोजणी होती, त्यामुळे मोटारी, फुटके नळ, अंतर्गत लाईन या सगळ्यांचा प्रश्न आपोआप बाजूला पडला.

दुसऱ्या पत्रात हेच लिहिलं, तीन दिवसांच्या मोजण्या आणि पंचनामा जोडला. तरीही अडलंच. या वेळी टेबलावरून प्रश्न आला, ‘फाट्यापुढची लाईन तुमच्याच ताब्यात आहे, योजना हस्तांतरित झालेली आहे.’ आमच्या दप्तरात हस्तांतरणाचा कागद सापडेना. ग्रामसेवक तीन बदलून गेलेले. तालुक्याच्या कार्यालयातून जिल्ह्याला पाठवायचे, जिल्ह्यातून परत तालुक्याला. ‘नस्ती साहेबांकडे आहे’ हे वाक्य मी तीन महिन्यांत इतक्यांदा ऐकलं की फोन उचलायच्या आधीच उत्तर ठाऊक असायचं. इकडे गावात बायका मलाच विचारायच्या, ‘सरपंचबाई, पत्र दिलं म्हणता, मग पाणी कुठंय?’

शेवटी मी माहितीचा अधिकार वापरला. अर्ज स्वतःच्या नावाने, नागरिक म्हणून करायचा, सरपंच म्हणून शिक्का मारून नाही. तो हक्क नागरिकाला आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि दोनच गोष्टी मागितल्या: आमच्या गावाच्या हस्तांतरणाचा कागद आणि माझ्या पत्रावरच्या टिप्पणीची प्रत. तीस दिवसांच्या मुदतीत कागद आला. त्यात स्पष्ट होतं की ग्रामपंचायतीकडे टाकी आणि टाकीपासून पुढचं वितरण दिलेलं आहे. फाट्यापासून टाकीपर्यंतची वाहिनी विभागाचीच. तीन महिने ज्या कागदावरून मला फिरवलं, तो त्यांच्याच कपाटात होता.

तिसरं पत्र एका पानाचं होतं. त्यातला शेवटचा परिच्छेद देते, कुणाला उपयोग होईल: ‘फाटा ते टाकी ही वाहिनी सोबतच्या हस्तांतरण पत्रानुसार आपल्या विभागाकडे आहे. टाकीत तासाला 4,900 लिटर पाणी येते, पंचनामा सोबत आहे. करिता पुढील पाणी सोडण्याच्या दिवशी फाट्यावरील मीटर व टाकी येथे एकाच वेळी मोजणी करून संयुक्त पाहणी करावी.’ सोबत मासिक सभेचा ठराव, आणि प्रत माहितीस्तव कार्यकारी अभियंता व गटविकास अधिकारी यांना. आमचा जावक क्रमांक घातला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का व तारखेसह पोच घेतली. पहिल्या पत्राची पोच घ्यायची राहिली होती, त्याचा पुढे त्रास झाला.

आठवड्यात उपअभियंता आणि शाखा अभियंता आले. फाट्यावर मीटरने तासाला अकरा हजार लिटर दाखवलं, टाकीत 4,900च. मग टाकीत पाणी सोडणारा, टाकीजवळचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला. टाकीत थेंब जात नसताना मीटरचा काटा फिरतच होता. वीस मिनिटांत 2.2 घनमीटर. साहेब बराच वेळ मीटरपाशी वाकून होते. मग म्हणाले, ‘लाईन चालत जाऊ.’

काळ्या रानातून चालत गेलो. ओढ्याच्या अलीकडे, भर मे महिन्यात, दोन खाटांएवढी जागा हिरवीगार, लव्हाळा माजलेला आणि पायाखाली माती दबत होती. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि ताठ सिमेंटचा पाईप सांध्यापाशी मोडतो किंवा सरकतो. खोदल्यावर दोन सांध्यांच्या रबर रिंगा निघून आल्या होत्या आणि एका पाईपला लांब चीर होती.

त्यावरून आठवलं: पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटं गढूळ येत असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. पुरवठा बंद झाला की रिकामी लाईन त्याच फटीतून बाहेरचं घाण पाणी आत ओढते. आमच्याकडे शेवटच्या घरी ओटी टेस्टला पिवळा रंगच येत नव्हता, म्हणजे क्लोरीन शिल्लक नव्हतं. हे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

सांधे बदलून चिरलेला पाईप काढल्यावर टाकी आता तासाला पन्नास सेंटीमीटर चढते, साधारण पाच तासांत भरते. वरच्या आळीत पहिल्यांदा हंडा भरून वाहिला तेव्हा मी तिथेच उभी होते, मला बोलवेना.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. आम्हाला पाणीपट्टी फाट्यावरच्या मीटरप्रमाणे लागते, म्हणजे ओढ्यात गेलेल्या पाण्याचेही पैसे आम्हीच भरले. त्याच्या वजावटीचं पत्र मागच्या सोमवारी दिलं, पोच घेऊन. आणि सबंध तीन किलोमीटर लाईन बदलण्याचं अंदाजपत्रक मागितलं आहे. तोवर महिन्याच्या पहिल्या पाळीला काका दोरी सोडतात आणि आकडा मासिक सभेच्या वहीत लिहितात.