नजर धारेवर, सूर्यावर नाही

"तुम्ही पूजा सांगता म्हणून विचारते. अर्घ्य देताना धारेतून सूर्याकडे बघायचं असतं ना? आणि ते द्यायचं तरी नेमकं कसं?"

बघायचं नसतं. हे मी डॉक्टरांच्या भीतीने सांगत नाही, ते जुन्या नियमांतच आहे. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सूर्य कधी पाहू नये याची यादी दिली आहे: उगवताना, मावळताना, ग्रहण लागलेलं असताना, पाण्यात पडलेलं प्रतिबिंब म्हणून आणि माथ्यावर आलेला असताना. धारेतून बघितलं की सात रंग अंगात उतरतात, असं हल्ली कुणीही सांगतं. मला ते पटत नाही.

आधी रीत सांगतो. आंघोळ करून पूर्वेकडे तोंड करून उभं राहायचं. तांब्याचा छोटा लोटा घ्यायचा, त्यात स्वच्छ पाणी, थोडं रक्तचंदन किंवा कुंकू, अक्षता आणि लाल फूल. यातलं काही नसलं तर नुसतं पाणीही चालतं. लोटा दोन्ही हातांनी छातीसमोर धरून पुढे झुकवायचा आणि बारीक, न तुटणारी धार सोडायची. खाली ताम्हण ठेवलं म्हणजे पाणी पायाखाली येत नाही. ते नंतर कुंडीत ओतायचं. मात्र कुंकू मिसळलेलं असेल तर रोज त्याच रोपाला घालू नका.

मंत्र हवा असेल तर 'एहि सूर्य सहस्रांशो तेजोराशे जगत्पते। अनुकम्पय मां भक्त्या गृहाणार्घ्यं दिवाकर॥' हा म्हणायला सोपा आहे. 'ये, आणि माझं हे अर्घ्य घे' एवढीच त्यातली विनवणी. दारी आलेल्या मानाच्या पाहुण्याला आधी पाणी द्यावं, तसा हा उपचार. संध्येतल्या अर्घ्यामागची कथा मात्र वेगळी आहे. तैत्तिरीय आरण्यकात म्हटलंय की सूर्याशी झुंजणाऱ्या मंदेह राक्षसांवर गायत्रीने मंत्रलेलं पाणी वज्र होऊन पडतं. म्हणजे तिथे पाणी देणारा माणूस सूर्याच्या बाजूने लढत असतो. मला ही कल्पना पहिलीपेक्षा जास्त आवडते.

आता डोळ्यांचं. क्षितिजाला टेकलेल्या सूर्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून येतो, म्हणून तो लाल आणि मंद दिसतो. पण आपल्यापैकी कितीजणांना खरं क्षितिज दिसतं? समजा सूर्य साडेसहाला उगवला आणि समोरच्या इमारतीमागून तुमच्या गॅलरीत साडेसातला दिसला. तासाभरात तो सुमारे 14 अंश वर चढलेला असतो. तुमच्यासाठी तो 'उगवता' असेल, पण तेज मात्र चढलेल्या सूर्याचं असतं. लोट्याची धार इथे काहीच वाचवत नाही. पातळ, स्वच्छ पाण्यातून दिसणारा प्रकाश जवळजवळ सगळाच पार होतो, आणि दृष्टिपटलाला इजा करणारा निळा प्रकाश त्यातच असतो. धार हलते, फुटते, मधल्या फटीतून सूर्य थेट डोळ्यांत येतो. साध्या गॉगलवरही भरवसा ठेवू नये.

फसवणारी गोष्ट अशी की दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. माझ्या एका यजमानांनी कुणाचं तरी ऐकून धारेतून टक लावायला सुरुवात केली. त्या वेळी काहीच झालं नाही. दुपारी पेपर वाचताना मात्र ज्या अक्षरावर नजर ठेवावी तेच पुसट दिसायला लागलं, आजूबाजूची अक्षरं ठीक होती. त्यांना वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. नेत्रतज्ज्ञांनी दृष्टिपटलाच्या मध्यभागी इजा झाल्याचं दाखवलं. यावर खात्रीचा उपचार नाही. बऱ्याच जणांची नजर काही महिन्यांत सुधारते, काहींचा डाग कायम राहतो. तुम्हाला शंका आली तर एकेक डोळा झाकून रेघी वहीचं पान बघा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधेच तुटल्यासारख्या वाटल्या तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

मग नजर कुठे ठेवायची? धार ताम्हणात पडते तिथे. नमस्कार करताना डोळे मिटून घ्यायचे. नदीकाठी असाल तर पाण्यातल्या चकाकीकडेही बघत राहू नका. मुलं सोबत असतील तर 'बघ बघ, सूर्यबाप्पा' म्हणून त्यांना वर बघायला लावू नका, कारण त्यांच्या डोळ्यांतलं भिंग जास्त स्वच्छ असतं आणि आत जास्त प्रकाश सोडतं.

आभाळ भरलेलं असलं तरी अर्घ्य चुकवायचं कारण नाही, पूर्व दिशा तर माहीतच असते. उठायला उशीर झाला तरीही द्या. संध्या करणारे वेळ टळली तर नेहमीच्या तीन अर्घ्यांखेरीज प्रायश्चित्ताचं चौथं देतात. तुम्ही संध्या करत नसाल तर त्या चौथ्याचीही गरज नाही.